हातात न आलेल्या व्याजावरचा कर: झीरो कूपन रोख्यांचं गणित

१९८१ साली जे. सी. पेनी या अमेरिकन दुकानसाखळीने एक वेगळाच कर्जरोखा विकायला काढला. हजार डॉलर दर्शनी किमतीचा हा रोखा ३३२ डॉलर ४७ सेंटला मिळत होता. आठ वर्षं काहीच मिळायचं नव्हतं, सहामाही व्याज नाही की वार्षिक नाही. १९८९ मध्ये कंपनी पूर्ण हजार डॉलर देणार, एवढाच करार.

ज्या रोख्यावर मधल्या काळात व्याजाचा हप्ता नसतो त्याला झीरो कूपन रोखा म्हणतात. पूर्वी कागदी रोख्याला छोटी कुपनं जोडलेली असत आणि ती कापून बँकेत दिली की व्याज मिळे. इथे कूपनच नाही. विक्रीची किंमत आणि शेवटी मिळणारी रक्कम यांच्यातला फरक हेच सगळं व्याज. रोखा पहिल्यांदा विकतानाच दर्शनी किमतीत जी सूट दिलेली असते तिला अमेरिकेचा करकायदा ओरिजिनल इश्यू डिस्काउंट म्हणतो. हिशेब करणारे नुसतं ओआयडी म्हणतात, आपणही तेच म्हणू. पेनीच्या रोख्यात ओआयडी होता ६६७ डॉलर ५३ सेंट, आणि व्याजाचा दर निघत होता वर्षाला १४.२५ टक्के, सहामाही चक्रवाढीने.

आता करखात्यापुढचा प्रश्न. हे ६६७ डॉलर गुंतवणूकदाराने कधी कमावले? सामान्य माणूस म्हणेल, १९८९ मध्ये, पैसे हातात आले तेव्हा. अमेरिकेचा कायदा म्हणतो, दर वर्षी थोडे थोडे, आणि कर त्या त्या वर्षीच भरा. पैसे आलेले नसले तरी.

हे ऐकून कोणाचंही डोकं तापेल. पण हा नियम कुठून आला ते पाहिलं की राग थोडा निवळतो.

गळती नेमकी कुठे होती

कर्ज घेणारी कंपनी व्याज हा खर्च म्हणून दाखवते आणि तेवढा तिचा कर वाचतो. कर्ज देणारा तेच व्याज उत्पन्न म्हणून दाखवतो आणि त्यावर कर भरतो. एकाचा खर्च आणि दुसऱ्याचं उत्पन्न एकाच वर्षात पडलं तर सरकारचं फारसं काही बिघडत नाही. अमेरिकेत १९६९ पर्यंत तसं होत नव्हतं. कंपनी ओआयडीचा खर्च वर्षावर्षाला विभागून दाखवायची आणि रोखेधारक मात्र मुदत संपेपर्यंत थांबायचा. वजावट आज, उत्पन्न आठ-दहा वर्षांनी. १९६९ च्या कर सुधारणा कायद्याने रोखेधारकालाही दर वर्षी वाटा दाखवायला लावलं. कर आधी, पैसे नंतर ही पद्धत तेव्हापासूनची.

पण त्या वाटपाची रीत चुकीची होती. एकूण सूट भागिले वर्षं, असं सरळ समान वाटप. पेनीच्या रोख्याला ते लावून पाहा. ६६७.५३ भागिले आठ, म्हणजे वर्षाला सुमारे ८३ डॉलर. आता खरं व्याज किती ते पाहू. पहिल्या वर्षी कंपनीने वापरायला घेतले होते फक्त ३३२ डॉलर. त्यावर १४.२५ टक्क्यांनी वर्षभरात चढतं ते सुमारे ४९ डॉलर. शेवटच्या वर्षी मुद्दल फुगून ८७१ डॉलरवर गेलेलं असतं, म्हणून त्या वर्षाचं व्याज सुमारे १२९ डॉलर. चक्रवाढ व्याज सुरुवातीला कमी आणि शेवटी जास्त असतं, हे शाळेतलंच गणित. समान वाटपामुळे कंपनीला पहिल्याच वर्षी ४९ डॉलरच्या खर्चापोटी ८३ डॉलरची वजावट मिळत होती.

यावर कोणी म्हणेल, मग रोखेधारकालाही ८३ डॉलरवर कर भरावा लागला असेल, हिशेब बरोबरच झाला. खरी मेख इथेच होती. हे रोखे मुख्यतः घेतले ते निवृत्तिवेतन निधींसारख्या करमुक्त खरेदीदारांनी. त्यांना ४९ काय आणि ८३ काय, कर शून्यच. म्हणजे फुगवलेली वजावट एका बाजूला होती आणि फुगवलेलं उत्पन्न जिथे पडायचं तिथे कोणी कर भरणारच नव्हतं. पेनीच्या मागोमाग इतर मोठ्या कंपन्याही रांगेत आल्या यात नवल नाही. १९८२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा बदलला आणि समान वाटप काढून चक्रवाढीने वाटप आणलं. दोन वर्षांनी हे नियम नव्याने रचले गेले. आज ते करसंहितेच्या १२७१ ते १२७५ या कलमांत आहेत.

पाच वर्षांचा एक रोखा

सोयीसाठी वर्षातून एकदाच चक्रवाढ धरू. प्रत्यक्षात ती बहुधा सहामाही असते, पण तत्त्व तेच. दहा हजार डॉलरचा, पाच वर्षांचा झीरो कूपन रोखा, दर सहा टक्के. विक्रीची किंमत येते ७,४७३ डॉलर. घेणारी बाई न्यू जर्सीत नोकरी करते आणि तिच्या उत्पन्नाच्या वरच्या थरावर २४ टक्के केंद्रीय कर लागतो असं समजू.

पहिल्या वर्षी ७,४७३ वर सहा टक्क्यांनी व्याज ४४८ डॉलर. ते तिला मिळत नाही, पण विवरणपत्रात व्याजाचं उत्पन्न म्हणून जातं आणि १०८ डॉलर कर भरावा लागतो. हा कर तिच्या पगारातून जाणार, कारण रोखा एक पैसाही देत नाही.

दुसऱ्या वर्षी व्याज मोजायचं ते ७,४७३ वर नव्हे. मागचं ४४८ मुद्दलात मिसळून झालेल्या ७,९२१ वर. म्हणून व्याज ४७५, कर ११४. तिसऱ्या वर्षी मुद्दल ८,३९६, व्याज ५०४, कर १२१. चौथ्या वर्षी मुद्दल ८,९००, व्याज ५३४, कर १२८. पाचव्या वर्षी मुद्दल ९,४३४, व्याज ५६६, कर १३६. शेवटी मुद्दल बरोबर दहा हजार होतं आणि तेवढेच तिच्या हातात पडतात.

पाच वर्षांचं व्याज मिळून २,५२७ डॉलर, म्हणजे सुरुवातीची पूर्ण सूट. कर एकूण ६०७ डॉलर. मुदत संपल्यावर दहा हजार मिळतात त्या दिवशी करायोग्य नफा शून्य.

शेवटचं वाक्य पुन्हा एकदा वाचावं असं आहे, कारण लोक तिथेच फसतात. दर वर्षी ज्या व्याजावर कर भरला ते व्याज रोख्याच्या खरेदी किमतीत मिळवायचं असतं. पाच वर्षांनी तिची करासाठीची खरेदी किंमत ७,४७३ राहत नाही, ती दहा हजार होते. हे विसरून कोणी विवरणपत्रात खरेदी ७,४७३ आणि वसुली १०,००० लिहिली, तर २,५२७ वर दुसऱ्यांदा कर भरला जातो. यात करखात्याकडून काही नोटीस येणार नाही. जास्त कर भरल्याची आठवण कोणी करून देत नसतं.

हे अन्यायाचं आहे का?

तुलना करून पाहू. समजा तिने तेच ७,४७३ डॉलर सहा टक्के व्याज रोख देणाऱ्या साध्या रोख्यात घातले असते. पहिल्या वर्षी ४४८ डॉलर हातात, १०८ कर. उरलेले ३४० तिने पुन्हा सहा टक्क्यांनी गुंतवले असते. करानंतर तिची वाढ वर्षाला ४.५६ टक्के. झीरो कूपन रोख्यातही, कर बाहेरून भरला हे हिशेबात धरलं, तर वाढ तेवढीच, ४.५६ टक्के. म्हणजे कायदा तिच्याकडून जादा काही घेत नाही. व्याज आपोआप गुंतवणाऱ्या माणसाला ते हातात घेणाऱ्यापेक्षा सवलत द्यायची नाही, एवढंच तो पाहतो. आपल्याकडे मुदत ठेवीचं व्याज शेवटी मिळणार असलं तरी बँक दर वर्षी जमा झालेल्या व्याजावर टीडीएस कापते, त्याचाच हा भाऊबंद.

माझ्या मते तक्रार करायचीच तर ती तत्त्वावर नसावी, अडचणींवर असावी. त्या तीन आहेत, आणि तिसरी फारशी बोलली जात नाही.

पहिली साधी: पैसा. एक रोखा असेल तर १०८ डॉलर कोणीही भरेल. मुलाच्या कॉलेजसाठी वीस वर्षांचे रोखे घेऊन ठेवलेल्या आईबापांना हा कर वीस वर्षं भरावा लागतो, आणि व्याज वाढत जातं तसा करही वाढत जातो.

दुसरी: बाजारभाव पडला तरी मीटर थांबत नाही. आपल्या बाईने दोन वर्षांनी रोखा विकायला काढला आणि तोवर बाजारातला दर आठ टक्के झाला आहे असं धरा. तीन वर्षांनी दहा हजार देणाऱ्या रोख्याचे आता ७,९३८ डॉलर येतील. तिची वाढलेली खरेदी किंमत आहे ८,३९६. म्हणजे कागदावर ४५८ डॉलर भांडवली तोटा. खरं तर तिने ७,४७३ घालून ७,९३८ मिळवले, कमाई ४६५. कर मात्र ९२३ डॉलर व्याजावर भरून झालाय. बेरीज-वजाबाकीने हिशेब जुळतो: ९२३ वजा ४५८ म्हणजे ४६५. पण व्याज हे साधं उत्पन्न आणि तोटा मात्र भांडवली. भांडवली तोटा आधी भांडवली नफ्यातूनच वजा होतो, आणि तो पुरला नाही तर इतर उत्पन्नातून वर्षाला फक्त ३,००० डॉलरपर्यंत. असे दहा रोखे असते तर तोटा ४,५८० च्या आसपास गेला असता आणि त्यातला उरलेला भाग पुढच्या वर्षांवर ढकलावा लागला असता.

तिसरी सगळ्यांत कडवट. कंपनी डबघाईला आली, पैसे परत येतील अशी आशा उरली नाही, तरी ओआयडी मोजत राहायचा. एरवी साधं थकलेलं व्याज वसूल होण्याची शक्यताच नसेल तर उपार्जित पद्धत, म्हणजे पैसे येण्याची वाट न पाहता हक्क झाला की उत्पन्न धरायची रीत, वापरणारा धनको ते उत्पन्नात धरणं थांबवू शकतो. ओआयडीला ही सोय नाही, अशी भूमिका आयआरएस या अमेरिकी करखात्याने १९९५ मधल्या एका अंतर्गत सल्लापत्रात घेतली. म्हणजे बुडणाऱ्या रोख्यावर आधी व्याजाचा कर आणि पुढे रोखा बुडाला की भांडवली तोटा. कमी प्रतीच्या कंपन्यांचे झीरो कूपन रोखे साध्या गुंतवणूकदाराने करपात्र खात्यात ठेवू नयेत, याचं हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

कागदपत्रं बरोबर असतातच असं नाही

दलाल किंवा बँक जानेवारी-फेब्रुवारीत फॉर्म १०९९-ओआयडी पाठवते. त्यातल्या पहिल्या रकान्यात वर्षाचा ओआयडी असतो. सरकारी रोख्यांचा ओआयडी वेगळ्या, आठव्या रकान्यात येतो, कारण त्यावर केंद्राचा कर लागतो पण राज्याचा लागत नाही. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात राहणाऱ्याला हा फरक महत्त्वाचा.

लोक हा आकडा डोळे मिटून उतरवतात. मूळ विक्रीत रोखा घेतला असेल तर चालतं. मधेच बाजारातून घेतला असेल तर थांबावं. उदाहरणार्थ, आपल्याच रोख्याचा मूळ हिशेब आज ८,३९६ वर आहे आणि कोणी तो ८,६०० ला घेतला. त्याने २०४ डॉलर जास्त मोजलेत. तेवढ्याने त्याचा उरलेल्या वर्षांतला ओआयडी कमी व्हायला हवा, पण फॉर्मवर मूळ आकडा छापून येऊ शकतो. अमेरिकी सरकारच्या स्ट्रिप्सचं प्रकरण आणखी निराळं. १९८५ पासून सरकारी रोख्याचं मुद्दल आणि प्रत्येक व्याजहप्ता वेगळा करून स्वतंत्र झीरो कूपन रोख्यासारखा विकता येतो. तिथे प्रत्येक खरेदीदारासाठी रोखा जणू त्याच दिवशी नव्याने निघाला असं मानतात, म्हणून ओआयडी आपल्या स्वतःच्या खरेदी किमतीवरून आणि दरावरून मोजावा लागतो. फॉर्मचा आकडा दुरुस्त करायची रीत आयआरएसच्या १२१२ क्रमांकाच्या पुस्तिकेत आहे.

सूट अगदी किरकोळ असेल तर कायदा तिच्याकडे काणाडोळा करतो. दर्शनी किमतीच्या पाव टक्का गुणिले पूर्ण वर्षं, यापेक्षा सूट कमी असली की ओआयडी शून्य धरतात. व्याज देणारा हजार डॉलरचा दहा वर्षांचा रोखा ९८० ला निघाला तर मर्यादा २५ आणि सूट २०, म्हणून सुटला. ९७० ला निघाला तर तीसच्या तीस डॉलर वर्षावर्षाला मोजायचे. एक वर्षापर्यंतच्या मुदतीची ट्रेझरी बिलंही सर्वसाधारण गुंतवणूकदाराला या रोजच्या मोजणीतून मोकळी आहेत. ईई मालिकेच्या बचत रोख्यांवर कर शेवटी भरायची मुभा आहे. उलट महागाईशी जोडलेल्या टिप्स रोख्यांत महागाईमुळे मुद्दल जेवढं वाढतं तेवढं त्याच वर्षी ओआयडी म्हणून उत्पन्नात येतं, जरी वाढलेलं मुद्दल मुदत संपल्यावरच मिळणार असलं तरी.

म्हणूनच तिथले जाणकार झीरो कूपन आणि टिप्स शक्यतो आयआरए या प्रकारच्या निवृत्ती खात्यात ठेवतात. त्या खात्याच्या आत वर्षाचा ओआयडी मोजायचीच गरज नाही. हेच कारण १९८१ मध्ये निवृत्तिवेतन निधींना या रोख्यांकडे घेऊन गेलं होतं.

अमेरिकेत राहणाऱ्यांची इथली मुदत ठेव

अमेरिकेचे करदृष्ट्या रहिवासी असलेल्या मराठी माणसांना हा नियम बहुधा झीरो कूपन रोख्यामुळे भेटत नाही. तो भेटतो पुण्या-मुंबईच्या बँकेतल्या, व्याज शेवटी देणाऱ्या मुदत ठेवीमुळे. दहा लाखांची तीन वर्षांची ठेव, सात टक्के, तिमाही चक्रवाढ. पहिल्या वर्षी ७१,८५९ रुपये व्याज चढतं, हातात काही येत नाही. तिकडचा कायदा परदेशी ठेवीलाही कर्जच मानतो, आणि वर्षाला न मिळणारं व्याज म्हणजे ओआयडी. त्यामुळे ते त्या त्या वर्षीच तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं. ‘ठेव मोडेन तेव्हा बघू’ हे चालत नाही. एनआरई ठेवीवर भारतात कर नाही, म्हणून अमेरिकेत वजा करायला इथला भरलेला करही नसतो आणि तिथला कर पूर्ण लागतो. बँकेचं व्याज प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचं असतं आणि अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. म्हणून तिमाहीवार व्याजाचा उतारा मागून घेतलेला बरा. डॉलरमध्ये रूपांतर करताना अशा जमत जाणाऱ्या व्याजाला त्या काळाचा सरासरी दर लावतात.

भारतात मात्र असे रोखे फार काळ सैल सुटले होते. सरदार सरोवर नर्मदा निगमने १९९३ मध्ये ३,६०० रुपयांचा रोखा काढला होता आणि वीस वर्षांनी १,११,००० देण्याचं वचन दिलं होतं. दर साधारण १८.७ टक्के पडतो. फेब्रुवारी २००२ मध्ये प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून तिथून पुढच्या अशा रोख्यांवर दर वर्षी बाजारमूल्यातल्या वाढीवर कर आणला. म्हणजे अमेरिका ठरलेल्या दराने मोजते, आपण बाजारभावाने मोजायचं ठरवलं. एकूण दर्शनी किंमत एक लाखापर्यंत असलेल्या बिगर-कंपनी गुंतवणूकदाराला मात्र मुदत संपल्यावर कर भरायचा पर्याय ठेवला. २००५ पासून केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या झीरो कूपन रोख्यांचा वेगळा वर्ग आला. त्यात वर्षाचं व्याज मोजतच नाहीत, विकल्यावर किंवा मुदत संपल्यावर भांडवली नफा धरतात. तेव्हा भारतात असा रोखा घेताना दराआधी माहितीपत्रकात अधिसूचनेचा क्रमांक आणि तारीख आहे का ते पाहावं.